परकी मालिका निवडताना: कोणती गोष्ट सीमा ओलांडते आणि कोणती वाटेत झिजते

ओटीटीचं ॲप उघडलं की हल्ली पहिल्याच पडद्यावर तुर्की, स्पॅनिश, कोरियन, जर्मन मालिकांची रांग लागलेली असते. मराठी, हिंदी आणि थोड्याफार इंग्रजीपलीकडे कधी न गेलेल्या माणसाला त्यातलं काय लावावं, हे कळत नाही. ठाण्यात नौपाड्यातला आमचा एक गट आहे, निवृत्त शिक्षक, बँकेतले दोघे-तिघे आणि काही तरुण मंडळी. एखादी परकी मालिका ठरवून बघायची आणि मग भेटून बोलायचं, असा आमचा परिपाठ. तिथे नव्याने येणारा माणूस हमखास सांगतो, "मी एक लावून पाहिली होती, दोन भागांत सोडली. आपल्याला नाही झेपत." काय लावली होती, असं विचारलं की उलगडा होतो. बहुतेकदा तिसऱ्या-चौथ्या पायरीची मालिका पहिल्या पायरीला हातात आलेली असते. कोणती मालिका आपल्यापर्यंत धड पोहोचेल, हे आधी ओळखता येतं. ते कसं, हे मी इथे सांगणार आहे.

घट कशाची धरायची?

जुना दागिना मोडीत द्यायला नेला की सराफ त्यातले खडे आणि डाग वजा करतो, घट धरतो आणि उरलेल्या सोन्याचे पैसे देतो. घडणावळीचा एक रुपया परत मिळत नाही. दागिना सुंदर नव्हता असं कुणी म्हणत नाही, पण दुसऱ्याच्या हातात जाताना त्यातलं जे मोजलं जातं ते फक्त सोनं.

मालिकेचंही असंच होतं. कॉलिन हॉस्किन्स आणि रोल्फ मायरस या कॅनडातल्या दोन अभ्यासकांनी १९८८ मध्ये या गोष्टीला एक नाव दिलं. त्याला मी मराठीत सांस्कृतिक घट म्हणते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: एका समाजासाठी केलेला कार्यक्रम दुसऱ्या समाजात गेला की त्याची काही किंमत कमी होते, कारण तिथली मूल्यं, इतिहास, वागण्याच्या रीती नव्या प्रेक्षकाला ओळखीच्या नसतात. विनोद, राजकारण आणि स्थानिक इतिहास यांत ही घट मोठी असते. पैसा, भूक, अपमान, आई-मूल, पळून जाणं, पकडलं जाणं यांत ती कमी असते.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. घट कमी असणं म्हणजे मालिका चांगली असणं नव्हे. घट जास्त असलेली मालिका अप्रतिम असू शकते, फक्त ती पहिली म्हणून घेऊ नये.

पहिला अर्धा तास

घट किती आहे, हे बघायची माझी एक साधी पद्धत आहे. पहिला अर्धा तास बघायचा, थांबवायचं आणि घरातल्या कुणाला तरी एका वाक्यात सांगायचं: मुख्य माणूस या सगळ्यातून सरळ उठून निघून का जाऊ शकत नाही? गुगल न करता हे सांगता आलं, तर मालिका प्रवासाला तयार आहे. "तिथे काहीतरी जुनं राजकारण आहे वाटतं" इतकंच सांगता आलं, तर तिला पुढच्या वर्षासाठी ठेवा.

स्पेनची 'ला कासा दे पापेल', म्हणजे आपल्याकडची 'मनी हाइस्ट', या कसोटीला लावून बघा. टोकियो नावाने ओळखली जाणारी दरोडेखोर बाई आईला भेटायला निघालेली असते आणि तिथे पोलीस दबा धरून बसलेले असतात. परतीची वाट बंद. मग प्रोफेसर तिला आणि इतर सात जणांना एका वाड्यात नेतो, फळ्यासमोर बाकांवर बसवतो आणि नियम सांगतो: खरी नावं नाहीत, खासगी चौकश्या नाहीत, आपसांत नाती नाहीत. माद्रिदची सरकारी टांकसाळ ताब्यात घ्यायची आणि आत बसून स्वतःच नोटा छापायच्या. स्पेनबद्दल आपल्याला काहीही माहीत नसलं तरी चालतं, कारण लेखकांनी जगाचे सगळे नियम अक्षरशः वर्गात शिकवले आहेत. नियम माहीत झाले की ते कोण मोडणार याची धास्ती आपोआप लागते.

आता स्पेनचीच दुसरी मालिका घ्या, 'एल मिनिस्तेरियो देल तिएम्पो', २०१५ साली सुरू झालेली. सरकारचं एक गुप्त मंत्रालय, तळघरात भूतकाळात उघडणारी दारं, इतिहास बिघडू नये म्हणून पहारा. कल्पना ऐकूनच बघावीशी वाटते. पण पहिल्याच भागात १८०८ च्या नेपोलियनविरोधी युद्धातल्या एका गनिमी सेनानीला वाचवायचं असतं, आणि तो मेला तर काय बिघडेल हे स्पॅनिश प्रेक्षकाला शाळेपासून ठाऊक आहे. आपल्याकडे संताजी-धनाजींचं नाव निघताच अंगावर जे येतं, ते सेव्हिलच्या माणसाला येणार नाही. तसंच उलट. सतराव्या शतकातला चित्रकार व्हेलास्केस त्या मंत्रालयात संशयितांची रेखाचित्रं काढतो, हा विनोद त्याची चित्रं पाहिलेल्याला हसवतो, बाकीच्यांच्या डोक्यावरून जातो. मला ही मालिका फार आवडते. पण नव्या माणसाला ती मी कधीच सुचवत नाही.

एक मालिका जवळून: 'बिर बाश्कादर'

काही मालिकांत सोनं आणि घडणावळ दोन्ही भरपूर असतं. तिथे काय पोहोचतं आणि काय झिजतं, हे नीट बघण्यासारखं आहे. बेर्कुन ओया यांनी लिहून दिग्दर्शित केलेली 'बिर बाश्कादर' ही आठ भागांची तुर्की मालिका २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर आली. इंग्रजीत तिचं नाव 'इथोस' आहे.

मेरियेम ही इस्तंबूलच्या कडेला राहणारी तरुणी. डोक्याला स्कार्फ. पहाटे मोकळ्या रानातून चालत निघते, बस धरते आणि शहरातल्या एका उंच इमारतीत सिनान नावाच्या एकट्या पुरुषाच्या घरी साफसफाई करते. तिला अधूनमधून चक्कर येऊन ती कोसळते. शरीरात दोष सापडत नाही, म्हणून तिला मानसोपचारतज्ज्ञ पेरीकडे पाठवतात. पेरी शिकलेली, सुस्थितीतली, धर्मापासून दूर वाढलेली. दोघींचं पहिलं लांबलचक संभाषण हा मालिकेचा प्राण आहे. मेरियेम गोड हसत, विषय बदलत, भलत्याच गोष्टी सांगत बसते. मूळ दुखणं ती सांगत नाही, पण आपल्याला ते दिसायला लागतं.

इथवर ठाण्यातल्या प्रेक्षकाला काहीच समजावावं लागत नाही. सकाळी साडेसातला लोकमान्य नगरकडून घोडबंदर रोडच्या टॉवरकडे निघालेल्या बायका आपण रोज बघतो. ज्या घराची किल्ली आपल्याकडे आहे त्या घरात आपण पाहुणेही नाही, ही मेरियेमची अवस्था आमच्या गटातल्या सगळ्यांना पहिल्या दहा मिनिटांत कळली. घरी कडक भाऊ, आतून खचलेली वहिनी, सल्ल्यासाठी गावातला होजा, म्हणजे मशिदीतला धर्मगुरू, हेही परकं वाटलं नाही.

घट सुरू होते ती पुढच्या प्रसंगापासून. पेरी आपल्या मार्गदर्शक सहकारी गुल्बिनकडे जाते आणि कबूल करते की डोकं झाकलेली बाई समोर बसली की तिच्या आत चीड उसळते. आपल्याला वाटतं, ही डॉक्टर फारच कोती दिसते. तुर्की प्रेक्षकाला मात्र त्या वाक्यामागे काही दशकं दिसतात. १९९७ नंतर तुर्कस्तानातल्या विद्यापीठांत स्कार्फवरची बंदी कडकपणे अमलात आली. कित्येक मुलींना शिक्षण आणि स्कार्फ यांपैकी एक निवडावं लागलं. २०१० च्या सुमारास विद्यापीठांतली बंदी सैल झाली आणि २०१३ मध्ये बहुतेक सरकारी कार्यालयांतूनही ती उठली. त्यामुळे पेरीसारख्यांना आपला देश हातातून निसटल्यासारखा वाटतो, आणि मेरियेमसारख्यांच्या घरी जुना अपमान अजून ओला असतो. त्यात गुल्बिन स्वतः कुर्द कुटुंबातली आहे आणि तिची सख्खी बहीण डोकं झाकते. त्या दोघींचं भांडण हातघाईवर येतं. पेरी बोलत असताना गुल्बिनच्या चेहऱ्यावर जे होतं, ते ही पार्श्वभूमी कळल्यावर दुसऱ्यांदा बघावं.

म्हणजे या मालिकेत वर्गाची गोष्ट जवळजवळ पूर्ण पोहोचते आणि स्कार्फची गोष्ट अर्धी. ही अर्धी घट वरच्या एका परिच्छेदाने भरून निघते, म्हणून माझ्या मते ती दुसरी किंवा तिसरी मालिका म्हणून उत्तम आहे. घट भरून काढायला एक परिच्छेद पुरतो की एक पुस्तक लागतं, हाच निवडीतला खरा फरक आहे.

"हे लोक इतका वेळ नुसते बघत का बसतात?"

हा प्रश्न माझ्या आत्याचा. तिने हिंदीत डब केलेली एक तुर्की प्रेमकथा लावली होती. नायक खिडकीशी उभा, नायिका दाराशी, मागे वाद्यसंगीत, आणि दोन मिनिटं कुणी अवाक्षर बोलत नाही. "अगं, बोलून टाका की एकदाचं!"

यामागे कलेपेक्षा वेळापत्रकाचा हात मोठा आहे. तुर्कस्तानात वाहिनीवरची मालिका आठवड्यातून एकदा लागते आणि तिचा एक भाग सव्वादोन-अडीच तासांपर्यंत जातो, म्हणजे दर आठवड्याला एक पूर्ण सिनेमा. एकाच मालिकेने सबंध संध्याकाळ भरली की वाहिनीला दुसरी बनवायचा खर्च येत नाही आणि जाहिरातींच्या जागा वाढतात. सात दिवसांत इतकं चित्रीकरण उरकायचं तर घटना कुठून आणणार? मग नजरा, पावलं, समुद्र आणि संगीत लांबतं. २०१० मध्ये तिथल्या कलाकार-तंत्रज्ञांनी या लांबीविरुद्ध रस्त्यावर येऊन निषेधही केला होता.

दुसरं कारण देखरेखीचं. टीव्हीवर सिगारेट आणि दारूचा पेला धूसर करतात, शारीरिक जवळीक दाखवली तर नियामक मंडळाकडून दंडाची भीती असते. म्हणून प्रेम डोळ्यांत साठवावं लागतं. याच बंधनामुळे या मालिका अरब देशांत, लॅटिन अमेरिकेत आणि आपल्याकडे घरच्या सगळ्यांसोबत बघता येतात. 'गुमुश' ही मालिका २००८ मध्ये 'नूर' नावाने अरबीत आली आणि तिने त्या भागात तुर्की मालिकांचं दार उघडलं. २०१४ मध्ये 'बिनबिर गेजे'ने चिलीत तेच केलं. आपल्याकडे २०१५ मध्ये झिंदगी वाहिनीवर 'फेरिहा' आणि 'फातमागुल' हिंदीत लागल्या होत्या. कित्येकींना त्या अजून आठवतात.

आता व्यवहाराचा मुद्दा. परदेशात विकताना सव्वादोन तासांचा एक भाग कापून पाऊण-पाऊण तासाचे तीन केले जातात. उत्कंठेचा शेवट लेखकाने मूळ भागाच्या टोकाला ठेवलेला असतो, म्हणून तीनपैकी दोन भाग मध्येच, कधी कधी तर बोलता बोलता संपतात. असं झालं की मालिका ढिसाळ वाटते. अशा वेळी तीन भाग मिळून एक समजायचं आणि सलग बघायचं. लय जागेवर येते. ओटीटीसाठी बनलेल्या तुर्की मालिकांना हा नियम लागू नाही. त्या आठ-दहा आटोपशीर भागांच्या असतात, आणि त्यांत टीव्हीसारखा संकोचही नसतो, हे घरात लहान मुलं असतील तर ध्यानात ठेवावं.

कात्री कधी फायद्याचीही ठरते. 'ला कासा दे पापेल' २०१७ मध्ये स्पेनच्या आंतेना ३ वाहिनीवर सत्तर-सत्तर मिनिटांच्या पंधरा भागांत लागली. सुरुवात जोरात झाली, मग प्रेक्षक घसरले. नेटफ्लिक्सने त्याच चित्रीकरणाचे लहान बावीस भाग केले, आणि ती जगभर पसरली. २०१८ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय एमी मिळालं. टांकसाळीची गोष्ट पहिल्या दोन पर्वांत संपते. पुढची पर्वं यशानंतर जोडलेली आहेत. माझं स्पष्ट मत आहे की तिथे थांबलेलं बरं.

दुसऱ्या देशाने ती पुन्हा बनवली असेल तर?

हा सर्वांत भरवशाचा बाहेरचा पुरावा. पुन्हा बनवणारा निर्माता आपले पैसे लावतो, त्यामुळे गोष्टीच्या हाडांत दम आहे का, हे त्याने तपासलेलं असतं. आपल्या ओळखीचं उदाहरण म्हणजे सोनीवरची २००३ ची 'जस्सी जैसी कोई नहीं'. तिचं मूळ कोलंबियातल्या 'यो सोय बेटी, ला फेआ' या १९९९ च्या मालिकेत आहे. हुशार, हिशोबात पक्की पण दिसायला साधी मुलगी फॅशन कंपनीत कामाला लागते. बोगोटा असो की मुंबई, हिशोब तिच्या हातात आणि मान दुसऱ्यांना, ही जखम तीच राहते.

पण एक सावधगिरी बाळगावी लागते. हाडं प्रवास करतात म्हणजे मूळ मालिका जशीच्या तशी झेपेल असं नाही. जपानच्या २०१० च्या 'मदर'मध्ये एक शिक्षिका घरी छळ सोसणाऱ्या विद्यार्थिनीला घेऊन पळून जाते आणि तिची आई होते. मूळ अकरा भाग, सगळे मिळून आठ-नऊ तास. २०१६ मध्ये तुर्कस्तानात 'आन्ने' नावाने ती झाली तेव्हा तेहेतीस भाग झाले, तेही तिथल्या लांबीचे. म्हणजे साठ तासांच्या वर. जपानी मालिकेत जे गप्प बसून सांगितलं जातं, ते तुर्कीत रडून, ओरडून, संगीतासह सांगितलं जातं. आमच्या गटात ज्येष्ठांना तुर्की जवळची वाटली, तरुणांना जपानी. आपण भावना उघड बोलणाऱ्या गोष्टींवर वाढलो की आवरलेल्या गोष्टींवर, यावर ते ठरतं, आणि त्यात बरोबर-चूक काही नाही.

डब की सबटायटल?

इंग्रजीत वाचायची सवय असली तरी तुर्कीसाठी हिंदी डब उपलब्ध असेल तर आधी तो बघा, असं मी सांगते. तुर्कीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, मराठी-हिंदीसारखंच. पात्र थांबून थांबून शेवटच्या शब्दाला गौप्यस्फोट करतं. इंग्रजी ओळ मात्र तो आधीच फोडून मोकळी होते. शिवाय तुर्कीत आणि स्पॅनिशमध्येही मोठ्यांशी आणि बरोबरीच्यांशी बोलण्याचं रूप वेगळं असतं. मेरियेम पेरीशी आदराने बोलते, ती दरी इंग्रजीत सपाट होते, हिंदीत टिकते.

स्पॅनिशबाबत मी उलट सांगेन. 'ला कासा दे पापेल'सारख्या मालिकेत माणसं एकमेकांचं बोलणं तोडत, एका श्वासात बोलतात, आणि डबमध्ये तो वेग बऱ्याचदा मार खातो. तिथे मूळ आवाज आणि खाली ओळी बऱ्या.

"यातून तो देश कळतो का?"

थोडासाच. तुर्की टीव्ही मालिकांत बॉस्फरसकाठचे वाडे आणि श्रीमंत कुटुंबं इतकी असतात की इस्तंबूलमध्ये भाड्याने राहणारा माणूस क्वचित दिसतो. 'बिर बाश्कादर' यापेक्षा प्रामाणिक वाटते, पण तिच्यावरूनही तुर्कस्तानात मोठा वाद झाला. धार्मिक माणसं भोळी रंगवली, असं काहींचं म्हणणं होतं. तिथल्या लोकांचं ज्यावर एकमत नाही, त्यावरून आपण निष्कर्ष काढू नये.

मग लावायची कोणती?

थरार आवडत असेल तर 'ला कासा दे पापेल'ची पहिली दोन पर्वं, मूळ स्पॅनिशमध्ये. माणसांची गोष्ट हवी असेल तर 'मदर' किंवा 'आन्ने', हातात वेळ किती आहे ते बघून. मग 'बिर बाश्कादर', आणि स्पेनचा इतिहास थोडा वाचून झाल्यावर 'एल मिनिस्तेरियो देल तिएम्पो'.

तुर्की वाहिनीवरची एखादी मालिका आपली आपण निवडत असाल तर लावण्याआधी तिचे मूळ भाग किती, हे बघा. तिथे प्रेक्षकसंख्या घसरली की मालिका काही आठवड्यांत बंद करतात. टीव्हीवरची मालिका आठ-तेरा भागांतच आटोपलेली दिसली, तर ती बहुधा मध्येच गुंडाळलेली असते आणि शेवट घाईघाईत उरकलेला असतो. तीस ते ऐंशी भागांची पूर्ण झालेली मालिका घ्या. आणि ॲपवर दिसणारा आकडा कापलेल्या भागांचा असू शकतो, त्याला तीनने भागायला विसरू नका.